जळजळीची बाटली आणि थकलेली मूत्रपिंडं

सिल्वासात कुठल्याही मेडिकलवर उभं राहून पाहा. आमलीच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी संपवून आलेला कामगार पाठदुखीची गोळी मागतो आणि तिच्यासोबत पित्ताचं पातळ औषध. खानवेलकडून बाजाराला आलेली बाई नवऱ्याच्या छातीतल्या जळजळीसाठी गुलाबी बाटली नेते. कोणी फसफसणाऱ्या पुड्यांची माळच घेऊन जातो. मराठी, गुजराती, हिंदी, वारली, कोणतीही भाषा असो, मागणी एकच असते: ‘ॲसिडिटीचं काहीतरी द्या.’ दुकानदार देतो. किडनीचं काही आहे का, असं तो विचारत नाही आणि घेणाराही सांगत नाही, कारण पोटाच्या औषधाचा किडनीशी काय संबंध, असं दोघांनाही वाटतं. किडनीच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी लिहिलेल्या या पुस्तिकेचा विषय नेमका हा संबंध आहे.

संबंध समजायला आधी पोटात काय होतं ते पाहावं लागेल. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते शमवायचं तर त्यात एखादा अल्क मिसळायचा. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड हे दोन अल्क स्वस्त आहेत, बेचव आहेत आणि आम्ल चटकन उदासीन करतात. दोघे एकाच बाटलीत का असतात, याचं उत्तर गमतीचं आहे. मॅग्नेशियमने जुलाब होतात, ॲल्युमिनियमने बद्धकोष्ठ होतो. दोन्ही एकत्र केले की पोट साधारण सुरळीत राहतं. म्हणजे हे मिश्रण आतड्याची सोय पाहून ठरवलेलं आहे. ते ठरवताना मूत्रपिंडाचा विचार करण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण निरोगी माणसात मूत्रपिंड तक्रार न करता उरलेलं काम उरकतं. आम्लाशी संयोग झाल्यावर मॅग्नेशियमचं विरघळणारं मीठ तयार होतं, त्यातला साधारण पाचवा हिस्सा रक्तात शिरतो आणि लघवीवाटे बाहेर जातो. ॲल्युमिनियम फारच थोडं शोषलं जातं, हजारात एक ते तीन भाग. तेही लघवीवाटेच जातं. या दोन्ही धातूंना शरीराबाहेर जायला दुसरी मोठी वाट नाही. बाटलीवरचा ‘दोन चमचे, जेवणानंतर’ हा डोस मूत्रपिंड चालू आहे असं गृहीत धरून लिहिलेला असतो.

आता एक हिशोब मांडतो. व्यक्ती कल्पित आहे, आकडे मात्र रोजच्या व्यवहारातले आहेत. नरोलीच्या बासष्ट वर्षांच्या एक आजी. वीस वर्षांचा मधुमेह, क्रिएटिनिन 3.1. एवढ्या वयाच्या स्त्रीत याचा अर्थ असा की मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, म्हणजे अहवालावर ई-जीएफआर म्हणून छापलेला आकडा, सोळाच्या आसपास आली आहे. निरोगी माणसात तो नव्वदच्या वर असतो. डायलिसिस अजून सुरू नाही. रक्त कमी म्हणून लोहाची गोळी चालू आहे आणि तिच्यामुळे शौचाला घट्ट होतं. अशात जेवण झालं की छातीत जळजळ आणि करपट ढेकर सुरू होतात. मुलगा मेडिकलवरून पित्ताची बाटली आणतो. तिच्या पाच मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आहे आणि जवळपास तेवढंच ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. आजी दहा मिलिलिटर तीनदा घेतात. शेजारीण सांगते, पोट साफ होत नाही म्हणूनच पित्त होतं, म्हणून रात्री पोट साफ व्हायचं पांढरं दुधासारखं औषध पंधरा मिलिलिटर सुरू होतं. तेही मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच, पाच मिलिलिटरमध्ये 400 मिलिग्रॅम.

बेरीज करू. पहिल्या बाटलीतून दिवसाला 1500 मिलिग्रॅम, दुसरीतून 1200. मिळून 2700 मिलिग्रॅम मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड झालं आणि त्यात शुद्ध मॅग्नेशियमचं वजन सुमारे 1125 मिलिग्रॅम भरतं. भाजी, डाळ, नाचणी, शेंगदाणे यांतून प्रौढ माणसाला दिवसाला साडेतीनशे-चारशे मिलिग्रॅम मिळतं. म्हणजे आजी दोन औषधांतून आहाराच्या तिप्पट मॅग्नेशियम घेताहेत. पाचवा हिस्सा शोषला गेला तरी सव्वादोनशे मिलिग्रॅम रोज रक्तात येतं आणि बाहेर जाण्याची वाट जवळजवळ बुजलेली. त्यातच बद्धकोष्ठ, त्यामुळे औषध आतड्यात जास्त वेळ रेंगाळतं आणि जास्त शोषलं जातं. दोन्ही बाटल्या चिठ्ठीशिवाय मिळाल्या आहेत आणि दोन्ही ‘साधी औषधं’ आहेत.

मॅग्नेशियमचं रक्तातलं प्रमाण एरवी 1.7 ते 2.4 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. ते पाचच्या आसपास गेलं की मळमळ होते, चेहरा गरम वाटतो, अंग जड होतं, झोप येत राहते. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय झटका देतो ती प्रतिक्रिया मंद होते. सातच्या पुढे ती नाहीशीच होते, रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते. बाराच्या पुढे श्वासाचे स्नायू ढिले पडतात आणि हृदयाचे ठोके अडखळतात. आजींच्या बाबतीत आठ-दहा दिवसांत घरचे म्हणू लागतात, ‘दिवसभर झोपूनच असतात, हाक मारली तर हं म्हणतात.’ पहिला संशय साखर उतरल्याचा येतो. ग्लुकोमीटर 140 दाखवतो. मग वाटतं किडनी आणखी बिघडली, युरिया डोक्यात चढला. तोही अंदाज चुकीचा म्हणता येत नाही, पण इथे एक फट राहते. किडनीच्या नेहमीच्या रक्ततपासणीत युरिया, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम असतात. मॅग्नेशियम बहुधा नसतं. ते वेगळं लिहून मागवावं लागतं, आणि ते मागवायचं डॉक्टरला सुचेल तेव्हाच, जेव्हा कोणी बाटलीचा उल्लेख करेल. म्हणून या पुस्तिकेत वारंवार येणारं एक वाक्य मला पटतं: दवाखान्यात येताना घरातल्या सगळ्या बाटल्या आणि पुड्या पिशवीत घालून आणा, आयुर्वेदिक आणि ‘साध्या’सुद्धा.

निदान झालं तर पुढचं काम तुलनेने सरळ आहे. औषध बंद करायचं. हृदयावर परिणाम दिसत असेल तर शिरेतून सावकाश कॅल्शियम ग्लुकोनेट द्यायचं. ते मॅग्नेशियमचा परिणाम काही काळ रोखून धरतं, मॅग्नेशियम काढून टाकत नाही. काढायचं असेल आणि लघवी पुरेशी नसेल तर डायलिसिस. मॅग्नेशियम डायलिसिसने चांगलं निघतं आणि काही तासांत माणूस शुद्धीवर येऊन चहा मागू शकतो. हे ज्ञान नवं नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत मॅग्नेशियम साठून होणाऱ्या विषबाधेचं वर्णन 1964 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर आलं होतं. जपानमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड हे शौचाचं औषध म्हणून फार वापरलं जातं. तिथल्या आरोग्य खात्यालाही 2008 मध्ये त्याबद्दल इशारा द्यावा लागला.

ॲल्युमिनियमची गोष्ट याच्या उलट आहे. मॅग्नेशियम दिवसांत त्रास देतं, ॲल्युमिनियम महिन्यांत आणि वर्षांत. आणि गंमत अशी, गंमत म्हणायला जीभ रेटत नाही, की ते एकेकाळी किडनीच्या डॉक्टरांनीच भरपूर दिलं. निकामी मूत्रपिंडात फॉस्फरस साठतो. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आतड्यात फॉस्फरसला घट्ट धरून ठेवतं, म्हणून 1970 च्या दशकात डायलिसिसच्या रुग्णांना ते रोज ग्रॅमच्या हिशोबाने दिलं जाई. अमेरिकेत डेन्व्हरला ॲलन अल्फ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये काही डायलिसिस रुग्णांची एक विचित्र व्यथा नोंदवली. आधी बोलणं अडखळायचं, शब्द सुचेना. मग हातापायांना झटके, आकडी, विस्मरण आणि शेवटी मृत्यू. 1976 मध्ये त्यांनी दाखवलं की अशा रुग्णांच्या मेंदूत ॲल्युमिनियम फार वाढलेलं असतं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या डॉक्टरांना हाच आजार हाडं मोडण्याच्या तक्रारीसोबत दिसला आणि तिथे दोष डायलिसिसच्या पाण्यातल्या ॲल्युमिनियमचा निघाला. पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा सुधारली आणि साथीसारखे येणारे रुग्ण थांबले. पण तुरळक रुग्ण येतच राहिले, त्यात डायलिसिसवर कधी न गेलेली लहान मुलंही होती. त्यांच्यापर्यंत ॲल्युमिनियम तोंडानेच गेलं होतं. कित्येक वर्षं ‘शोषलंच जात नाही’ असा शिक्का असलेलं औषध अशा रीतीने संशयाच्या घेऱ्यात आलं. आजची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं ॲल्युमिनियमयुक्त फॉस्फरसरोधक दीर्घकाळ देऊ नयेत असं सांगतात.

ते साठतं कुठे, हे कळलं की लक्षणं आपोआप समजतात. हाडात नवं कॅल्शियम बसतं त्या कडेवर ॲल्युमिनियम जाऊन बसतं, त्यामुळे हाडं मऊ राहतात. कंबर, बरगड्या दुखतात, जिना चढताना मांड्यांत बळ नसतं. रक्त बनवणाऱ्या पेशींत ते लोहाच्या कामात अडथळा आणतं. हिमोग्लोबिन वाढत नाही, लोह पुरेसं असून लाल पेशी लहान राहतात आणि महागडं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शनही लागू पडेनासं होतं. मेंदूचं वर सांगितलंच. आणि मॅग्नेशियमसारखी सुटका इथे नाही. रक्तातलं ॲल्युमिनियम बहुतांश प्रथिनांना चिकटलेलं असतं, डायलिसिसच्या पडद्यातून ते सहज निघत नाही. काढायला डेफेरॉक्सामीन नावाचं औषध लागतं आणि त्याचे स्वतःचे धोके आहेत.

इथे लिंबाचा विषय काढावाच लागेल. ॲल्युमिनियम शोषलं जात नाही हे विधान सायट्रेट जवळ नसेपर्यंतच खरं. लिंबातलं आम्ल म्हणजे सायट्रिक आम्ल. ते ॲल्युमिनियमला विरघळलेल्या रूपात पकडून ठेवतं आणि आतड्याच्या अस्तरातल्या फटी थोड्या सैल करतं. शोषण कित्येक पटींनी वाढतं. 1980 च्या दशकात अशा रुग्णांची नोंद झाली की ज्यांना रक्तातली आम्लता कमी करायला सायट्रेटचं द्रावण आणि फॉस्फरससाठी ॲल्युमिनियम एकाच वेळी दिलं गेलं आणि त्यांच्या मेंदूवर वेगाने परिणाम होऊन ते दगावले. आपल्या घरांत हा योग जुळून येणं फार सोपं आहे. लघवीला जळजळ झाली की मेडिकलवरून आणलं जाणारं आंबटगोड सिरप बहुधा सायट्रेटचंच असतं. पित्ताची बाटली आणि लघवीची बाटली फळीवर शेजारी शेजारी उभ्या असतात. पाण्यात फसफसणाऱ्या कॅल्शियमच्या किंवा तापाच्या गोळ्यांतही सायट्रिक आम्ल असतं. भातावर पिळलेल्या लिंबाच्या चार थेंबांची भीती घालण्याचा माझा हेतू नाही. पण ॲल्युमिनियमचं औषध चालू असताना सायट्रेटचं औषध घेऊ नये, हे किडनीच्या रुग्णाला ठामपणे सांगायला हवं.

धातू वेगवेगळ्या नावांनी समोर येतात, आणि तिथे शिकलेला माणूसही फसतो. ‘मॅगाल्ड्रेट’ या नावात ॲल्युमिनियमचा उच्चार नाही, पण त्यात दोन्ही धातू आहेत. ‘सुक्राल्फेट’ हे अल्सरवर लेप बसवणारं औषध अँटासिडांच्या रांगेत बसत नाही, तरी ते ॲल्युमिनियमचंच संयुग आहे. त्याच्या एका ग्रॅमच्या गोळीत सुमारे दोनशे मिलिग्रॅम ॲल्युमिनियम असतं. तोंडाची आणि घशाची जळजळ बधिर करणाऱ्या ऑक्सेटाकेनच्या सिरपात अनेकदा हीच जोडी किंवा सुक्राल्फेट मिसळलेलं असतं. नावावर जाऊ नये, बाटलीमागची बारीक अक्षरातली यादी वाचावी. ती इंग्रजीत असते. घरातल्या शाळकरी मुलाला ‘मॅग’ आणि ‘ॲल’ने सुरू होणारे शब्द शोधायला सांगितले तरी निम्मं काम होतं.

मग दोन्ही धातू नसलेली फसफसणारी पुडी चालेल का? तिच्यावर ‘स्वर्जिकाक्षार’ आणि ‘निम्बुकाम्लम्’ अशी भारदस्त संस्कृत नावं छापलेली असतात. पहिलं म्हणजे खायचा सोडा, दुसरं म्हणजे वर सांगितलेलं सायट्रिक आम्ल. पाच ग्रॅमच्या एका पुडीतून पाऊण ग्रॅमच्या आसपास सोडियम पोटात जातं. किडनीच्या रुग्णाने दिवसभरात दोन ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं असं सांगितलं जातं. दोन-तीन पुड्या म्हणजे दिवसाचं सगळं मीठ संपलं, जेवणातलं वेगळंच. पायाला सूज, वाढलेला रक्तदाब आणि रात्री आडवं झाल्यावर लागणारी धाप हा त्याचा परिणाम. डॉक्टर काही रुग्णांना सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात हे खरं आहे, पण त्या रक्तातली आम्लता मोजून, ठरावीक मात्रेत दिलेल्या असतात. जळजळीवरचा घरगुती इलाज म्हणून वाटीभर नारळपाणी पिणाऱ्यांनाही इथे थांबवावं लागतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं.

तर मग घ्यायचं काय? कधीमधी जेवणानंतर जळजळ झाली तर कॅल्शियम कार्बोनेटची चघळायची गोळी त्यातल्या त्यात बरी. 500 मिलिग्रॅमच्या गोळीत 200 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि जेवणाबरोबर घेतली तर ती थोडा फॉस्फरसही धरून ठेवते. पण अनेक रुग्णांना फॉस्फरससाठी कॅल्शियम आधीच चालू असतं, वर व्हिटॅमिन डी असतं. त्यात दिवसाला सहा-आठ गोळ्यांची भर पडली तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चुन्यासारखं साचत जातं. म्हणून ही गोळीसुद्धा मोजूनच. घेण्याआधी तिच्या यादीतही मॅग्नेशियम कार्बोनेट नाही ना, ते पाहावं. काही चघळायच्या गोळ्यांत ते असतं.

रोजचा त्रास असेल तर आम्ल शमवत बसण्यापेक्षा ते कमी तयार होऊ देणं बरं. फॅमोटिडीन हे औषध मूत्रपिंडावाटे जातं, म्हणून डोस कमी करावा लागतो. पूर्ण डोस चालू राहिला तर म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गटात किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही, आणि बहुतेक किडनीतज्ज्ञ याच गटाकडे वळतात. हा गटही निर्धोक नाही. क्वचित त्यानेच मूत्रपिंडाला ॲलर्जीसारखी सूज येते, आणि वर्षानुवर्षं घेतलं तर काहींच्या रक्तातलं मॅग्नेशियम उलट कमी होतं. चार-सहा आठवड्यांची गरज असताना सहा वर्षं चालू राहिलेल्या पँटोप्राझोलच्या पट्ट्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. कुठलंही अँटासिड लोहाच्या, थायरॉइडच्या गोळीपासून आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकपासून काही तास लांब ठेवायचं, नाहीतर ती औषधं आतड्यातच अडकून वाया जातात.

औषध निवडण्याआधीचा एक प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही: ही जळजळ आली कुठून? पाठदुखीसाठी, सांधेदुखीसाठी घेतलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी गोळी जठराचं अस्तर सोलते आणि त्याच वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही घटवते. आमलीच्या कामगाराने एका हाताने वेदनाशामक आणि दुसऱ्या हाताने पित्ताची बाटली घेतली, तर त्याला दोन्हींची गरज नसून दोन्हींपासून सुटका हवी आहे. जुन्या मधुमेहात जठराची हालचाल मंदावते. दुपारचं अन्न रात्रीपर्यंत पोटात राहतं आणि ढेकरा येतात. त्यावर कितीही अँटासिड ओतलं तरी फरक पडत नाही, थोडं थोडं खाणं आणि साखर ताब्यात ठेवणं जास्त उपयोगी. आणि मळमळ, तोंडाला धातूसारखी चव, अन्नावरची वासना उडणं हे सगळं किडनी शेवटच्या टप्प्यात आल्याची खूणही असते. ‘पित्त वाढलंय’ म्हणून महिनाभर सिरप पीत बसलेल्या माणसाला त्या महिन्यात डायलिसिसची तयारी करायला हवी होती, असंही घडतं.

ज्यांनी हे वाचण्याआधी एखाद-दुसरा डोस घेतला असेल त्यांनी घाबरून जाऊ नये. एका चमच्याने कोणाची किडनी जात नाही. धोका रोजच्या घेण्यात, दोन-तीन बाटल्यांच्या बेरजेत आणि ई-जीएफआर तिशीच्या खाली असण्यात आहे. पण रोज घेणाऱ्या माणसाला अचानक गुंगी येऊ लागली, उठताना पायात बळ नसलं, नाडी मंद लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं आणि तिथे मॅग्नेशियमची तपासणी करायला सांगावं. शौचाला डांबरासारखं काळं होणं किंवा छातीतली जळजळ घामासह हाताकडे, जबड्याकडे सरकणं, यांवर अँटासिडचा प्रयोग करून पाहण्यात वेळ घालवू नये. लोहाच्या गोळीनेही शौचाचा रंग काळा होतो, पण ते चिकट आणि दुर्गंधीचं नसतं; फरक कळला नाही तर तो ठरवायचं काम डॉक्टरांवर सोडावं.